काजलचं वजन वाढलं

गावातल्या पोरांची वजनं करणं हे माझं काम. अंगणवाडीत मी सेविका. काटा तुळईला टांगायचा, पोर झोळीत बसवायचं, ते भोकाड पसरतं, काटा नाचतो, मी ओरडते, "धरा गं त्याला, हलवू नका!" मग आकडा तक्त्यावर लिहायचा आणि मोबाइलमध्येही भरायचा. रेंज नसली तर संध्याकाळी शाळेमागच्या टेकाडावर उभं राहून भरायचा. तक्त्यावर लाल पट्टा आला तर पोर फार अशक्त. पिवळा आला तर जरा सांभाळा. हिरवा आला की सगळं छान. इतकी वर्षं मी गावाला हे घोकून घोकून सांगितलंय की लिहिता न येणारी म्हातारी माणसंही विचारतात, "रुपाबाई, मन्हा नातू हिरव्यामा उना का?"

आणि माझी स्वतःची पोरगी पिवळ्यात.

काय काय ऐकून घेतलं असेल मी! काजल चार वर्षांची, जन्मापासून बारीक. खायची सगळं, पण अंगी लागायचं नाही. सुपरवायझर मॅडम यायच्या, तक्ता बघायच्या आणि तोंड गोड ठेवून म्हणायच्या, "रुपाताई, सुरुवात आपल्या घरापासून करायची असते ना." बायका तोंडावर काही बोलत नसत, मागे बोलायच्या. माझ्या सासूबाई, नर्मदाबाई, त्या मात्र तोंडावरच बोलायच्या. "गावना पोरेस्ले खाऊ घालस आन् घरनी पोर काडी." मी गप्प बसायचे असं नाही. मीही म्हणायचे, "आई, तुमचा लेक लहानपणी काय पैलवान होता का?" आमचे हे, हेमकांत, कारखान्यात कामाला. आमचं भांडण सुरू झालं की ते चप्पल घालून बाहेर जायचे.

तर पावसाळा सरता सरता काजलला सर्दी-खोकला झाला, बरा झाला, आणि त्यानंतर पोरगी भरायला लागली. गाल वर आले. पोट गोल दिसायला लागलं. पायातले पैंजण घट्ट झाले. सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. "बघ, मी दूधमा खारीक उकाळी दी ऱ्हायनू ना, ती अंगले लागनी." मी म्हटलं, लागू दे बाई, कुणाच्या का हाताने होईना.

वजनाच्या दिवशी मी तिला सगळ्यांच्या देखत झोळीत बसवलं. काटा सरळ वर गेला. मला वाटलं काटाच बिघडला. दुसरं पोर बसवून बघितलं, काटा बरोबर होता. काजल हिरव्यात आली होती. मदतनीस तुळशीबाईने टाळ्या वाजवल्या आणि मी, खोटं कशाला सांगू, पदराने डोळे पुसले. सुपरवायझर मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, फुलं पाठवली. त्या दिवशी मी घरी गोड शिरा केला आणि सासूबाईंच्या पाया पडले.

सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसायचे, ते दिसत होतं मला. पापण्या फुगून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरायच्या. दुपारपर्यंत उतरायचं. सासूबाई म्हणाल्या, झोप जास्त झाली. शेजारची गजराबाई म्हणाली, डास चावला असेल. शहाद्याच्या एका डॉक्टरकडे नेलं, ते म्हणाले ॲलर्जी आहे, आणि गोड औषधाची बाटली दिली. बाटली संपली, डोळे तसेच. आणि मोरीत सकाळी फेस असायचा. पांढरा, दाट, पाणी टाकलं तरी लवकर न जाणारा. मी सगळ्यांवर तडकले. "कपड्यांची पावडर काय फुकट येते का? कोण ओततंय इतकी?" हे म्हणाले मी नाही, सासूबाई म्हणाल्या मी कशाला, आणि मी दोघांनाही खोटं पाडलं. मग एकदा काजल माझ्या समोर मोरीत बसली आणि उठली, तेव्हा तिथे तोच फेस. कुणीही पावडरीला हात लावला नव्हता.

मी तिथेच खाली बसले. तिला जवळ ओढलं आणि तिच्या पायाच्या वरच्या बाजूला अंगठा दाबून धरला.

हे आम्हाला पहिल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पोराचं वजन करण्याआधी दोन्ही पाय दाबून बघा. अंगठा काढल्यावर खड्डा राहिला तर ती सूज, वजन नव्हे. तसं पोर थेट दवाखान्यात पाठवा. गावातल्या प्रत्येक पोराचे पाय मी दाबते. नाकातून शेंबूड गळणारी, लाथा मारणारी, सगळी. माझ्या पोरीचे दाबले नव्हते. तिचं वजन वाढलं याचाच इतका आनंद झाला होता की पाय बघायची आठवणही आली नाही. अंगठा काढला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. काजल म्हणाली, "आई, गुदगुल्या नको."

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने नंदुरबार. मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरबाई होत्या. काजलला घेऊन आत मी एकटीच गेले. वयाने माझ्याएवढ्याच असतील, आणि चेहऱ्यावर माझ्याएवढाच थकवा. त्यांनी काजलचा बीपी बघितला, लघवी एका छोट्या डबीत घेतली, आणि तिच्यात एक कागदी पट्टी बुडवली. पट्टीचं टोक पिवळं होतं. बघता बघता ते गडद हिरवं झालं.

मी अजून सवयीने वागत होते. म्हटलं, "हिरवं आलं, म्हणजे ठीक ना मॅडम?"

"नाही," त्या म्हणाल्या. "इथे पिवळं चांगलं. हिरवं म्हणजे प्रोटीन जातंय. जितकं गडद, तितकं जास्त."

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं. हे होते, मी होते, आणि "मी बी येस" म्हणून हट्टाने आलेल्या सासूबाई होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, किडनी म्हणजे गाळणी. रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी खाली जाऊ द्यायचं, कामाचं ते वर ठेवायचं. हिची गाळणी सैल झालीये. रक्तातलं प्रोटीन लघवीतून निसटतंय, म्हणून फेस. हे प्रोटीन रक्तातलं पाणी नसांमध्ये धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी नसांच्या बाहेर अंगात झिरपतं. रात्रभर आडवं झोपल्यावर ते डोळ्यांभोवती साठतं, दिवसभर उभं राहिल्यावर पायांत उतरतं.

"मग ते वजन?" मी विचारलं.

"पाणी," त्या म्हणाल्या.

मला एकदम त्या फोटोचा राग आला. फुलांचा, अंगठ्याचा, शिऱ्याचा, सगळ्याचा.

सासूबाईंनी विचारलं, प्रोटीन जाई ऱ्हायनं तर जास्त खाऊ घालू का, शेंगदाणे, दूध, अंडी? आमच्या घरात अंडं कधी आलं नाही, पण नातीसाठी त्या तेही करायला तयार होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, गळक्या गाळणीत वरून जास्त ओतून काय होणार, आजी? तिच्या वयाच्या पोरांचं असतं तेवढं साधं जेवण द्या. मीठ कमी. पापड, लोणचं, बिबड्या बंद. बिबड्यांचं ऐकून काजलने तिथेच रडायला सुरुवात केली, कारण वाळवणातल्या, पापडासारख्या ज्वारीच्या बिबड्या म्हणजे तिचा जीव.

औषध म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या. रोज सकाळी खाण्यानंतर, सहा आठवडे, मग आणखी काही आठवडे एक दिवसाआड. "या वयातल्या बहुतेक मुलांना या गोळ्या लागू पडतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "किडनी कायमची खराब झालीये असं नाही. पण हा आजार उलटतो. पुन्हा पुन्हा येऊ शकतो. म्हणून रोज सकाळची पहिली लघवी पट्टीने बघायची. आणि एक गोष्ट कानात ठेवा. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. ताप आला, पोटात दुखलं तर थांबू नका, घेऊन या." पट्ट्यांची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली.

मग सुरू झाली रोजची शर्यत. पहाटे उठून काजलला डबीत लघवी करायला लावायची, पट्टी बुडवायची, बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायची. तिला भाकरीचा कुस्करा द्यायचा. माझी अंगणवाडीची वेळ व्हायची, म्हणून गोळ्या सासूबाई द्यायच्या. मी जाताना रोज ओरडायचे, "आई, गोळ्या!" आणि त्या रोज म्हणायच्या, "हा, माले ठाऊक शे."

गोळ्या लागू पडल्या. दुसऱ्या आठवड्यात काजल रात्रंदिवस मुतत होती. गोधड्या धुऊन माझी कंबर मोडली, पण पट्टी फिकट होत होत एका सकाळी पिवळी आली. दुसऱ्या दिवशी पिवळी, तिसऱ्या दिवशी पिवळी. मोरीत फेस नाही. डोळे उघडे, मोठे. आणि अंगातलं सगळं पाणी गेल्यावर उरली ती माझी पोरगी: हाताच्या काड्या, छातीच्या फासळ्या, ढिलं पैंजण. पहिल्यापेक्षाही बारीक. खरी काजल इतकीच होती.

मला हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी तिला अंघोळ घालताना मी दुसरीकडे बघायचे. मग ज्यांना सांगितलंच नव्हतं त्यांचं काय! गजराबाई दारात उभी राहून "अगं माय! पोर कशी झाली गं!" म्हणाली. अंगणवाडीत बायका माझ्याकडे बघायच्या. सासूबाई काजलच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "चांगली भरेल पोर व्हती. डॉक्टरनी सुकाडी टाकी."

"आई, ते पाणी होतं."

"पाणी पाणी काय करस? मन्हा डोया नहीत का? पोर सुकी ऱ्हायनी, तुले दिखस नही का?"

मी थकले होते. कामावरून यायचं, स्वयंपाक, गोधड्या, मोबाइलमधले आकडे. त्या म्हातारीला रोज रोज कोण समजावणार? मी म्हटलं, "दिसतंय. तुम्ही फक्त गोळ्या द्या." आणि आत गेले.

त्यानंतर नंदुरबारला आमचं दोन दिवसांचं ट्रेनिंग लागलं. मुक्कामाचं. पट्टी कशी बघायची ते मी सासूबाईंना दाखवून ठेवलं. बुडवायची, थोडं थांबायचं, रंग बघून मला फोन करायचा. रंगाचं काय करायचं ते मी सांगितलं नाही. रोज पिवळीच येत होती, नवीन काय सांगायचं होतं?

मी आदल्या संध्याकाळीच गेले. ट्रेनिंगच्या दुसऱ्या सकाळी हॉलच्या बाहेर चहा घेत होते तर फोन. सासूबाईंचा आवाज इतका आनंदी मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"रुपा! पट्टी हिरवी उनी! हिरवीगार!"

मी कप पायरीवर ठेवला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, काय म्हणालात?"

"हिरवी, हिरवी! काल बी हिरवीच व्हती, मी म्हणी तू कामामा व्हशी, आज सांगसू. आन् गाल बी भरी ऱ्हायना तिन्हा. मी म्हणी नव्हतं? पोर हिरव्यामा उनी!"

म्हातारीला काय बोलणार? हिरवं म्हणजे चांगलं, हे तिला मीच शिकवलेलं. तिला काय, अख्ख्या गावाला. मी फक्त म्हटलं, "आई, तिला घेऊन आत्ताच्या आत्ता नंदुरबारला या. ह्यांना सांगा. आत्ता." आणि फोन ठेवल्यावर हॉलच्या पायरीवर बसून रडले. शिकवायला आलेले सर बाहेर डोकावून गेले.

दुपारी दवाखान्यात आम्ही चौघं पुन्हा त्याच खुर्च्यांवर. काजलच्या पापण्या फुगलेल्या. पट्टी गडद हिरवी. डॉक्टरबाई बराच वेळ केसपेपर बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"गोळ्या रोज चालू आहेत?"

"रोज," मी म्हटलं. "एकही दिवस चुकला नाही, मॅडम. शपथ."

"पूर्ण डोस चालू असताना आजार उलटला, तर मग साधं प्रकरण नाही." त्या सावकाश बोलत होत्या, आम्हाला कळावं म्हणून. "म्हणजे नुसत्या या गोळ्यांनी भागत नाहीये. मग नाशिकला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. ते कदाचित सुईने किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासतील. आणि जास्त कडक औषधं सुरू करावी लागतील, त्यांचे त्रासही जास्त. मला घाबरवायचं नाहीये, पण तयारी ठेवा."

ह्यांनी माझा हात धरला. एवढ्या लोकांत कधी धरला नव्हता. मी काजलकडे बघितलं. ती खुर्चीच्या काठावर बसून पाय हलवत होती आणि मला वाटत होतं, देवा, पोरीच्या किडन्या गेल्या. त्या क्षणी ती मला मोठी झालेली दिसेचना, नुसती आजारीच दिसत राहिली.

"तुकडा?" सासूबाई म्हणाल्या.

"छोटासा असतो, आजी. सुईने काढतात."

"एवढीशी पोर, तिन्हा तुकडा काढशात?" त्या उभ्या राहिल्या. पदर तोंडावर घेतला, मग काढला. "नका काढू, डॉक्टरबाई. मी पाया पडस. मीच गोळ्या दिन्यात नही."

बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पोर सुकाले लागनी तैपासून." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "ही कामले गयी का मी मोरीमा टाकी दिऊ. गोळ्या खाई खाई पोर काडी व्हयनी. मी काय दुश्मन शे का तिन्ही? मन्ही नात शे. बंद करन्यात आन् पोर भरनी. पट्टी बी हिरवी उनी. माले वाटनं, बरी व्हयनी."

मला काय वाटलं ते सांगू? आधी वाटलं, हिला इथेच हाताला धरून हलवावं. दातओठ खाऊन मी उभीही राहिले. मी रोज पहाटे उठते, डबी धरते, पट्टी बघते, आणि तू मोरीत टाकतेस? आणि लगेच, त्याच रागात, छातीवरचा दगड उतरला. म्हणजे औषध हरलं नव्हतं. औषध पोरीच्या पोटात गेलंच नव्हतं. मला एकाच वेळी म्हातारीला मारावंसं आणि तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. माणसाने असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. चिडल्या, पण आवाज चढवला नाही. "आजी, ह्या गोळ्या अशा एकदम बंद करणं फार धोक्याचं. अंगाला त्यांची सवय लागते. मध्येच ताप आला असता तर पोरगी हातची गेली असती. कळतंय का?" सासूबाईंनी मान हलवली. "पण सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मी तिला नको त्या औषधांवर नेलं असतं. आता नाशिक नाही, तुकडा नाही. पुन्हा रोज पूर्ण डोस. लघवी साफ झाली, तीन दिवस साफ राहिली, की मग एक दिवसाआड. आणि गोळी आई देईल, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोळ्यांसमोर."

"कामावर उशीर झाला तरी मीच देईन," मी म्हटलं.

"पुन्हा उलटेल का हो?" ह्यांनी विचारलं.

"उलटू शकेल. बऱ्याच मुलांचा उलटतो. मोठी होता होता बहुतेकांचा सुटतो." त्या पुन्हा लिहायला लागल्या. "धीर धरावा लागेल. वर्षांचं काम आहे."

वर्षांचं. मी मनात नुसत्या गोधड्या मोजायला लागले आणि सोडून दिलं.

सासूबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी काजलच्या गालावर हात ठेवला. गुबगुबीत, मऊ गाल. इतकी वर्षं त्यांनी हेच मागितलं होतं, दृष्ट काढली होती, नवस केले होते, आणि मीही तेच मागितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्रथमच त्या दिवशी. डोळ्यांत पाणी होतं आणि खरंच न कळणाऱ्या माणसाचा प्रश्न होता.

"मंग काय रुपा, पोर सुकेलच बरी का?"

गावभर फिरून ज्या बाईने प्रत्येक आईला सांगितलं होतं की पोर सुकू देऊ नका, तिने उत्तर द्यायचं होतं. काजल आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती, त्या फटींएवढ्या डोळ्यांनी.

"हो, आई," मी म्हटलं. "सुकू दे तिला."